परिच्छेद एक, प्रश्न एक



पदव्युत्तर वर्गाच्या सेमिनारसाठी लिटरेचर रिव्ह्यू लिहायचा असतो, आणि त्यातला एक परिच्छेद बहुतेकांना अडतो. पेरोव्हस्काइट सौरघट टिकत का नाहीत, हा तो परिच्छेद. तो कसा लिहावा, एवढंच आज बोलायचं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. 2009 साली जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने या पदार्थाचा पहिला सौरघट जाहीर केला. त्याची कार्यक्षमता 3.8 टक्के होती. आज प्रयोगशाळेतल्या लहान घटांनी 26 टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे. सिलिकॉनला ही मजल मारायला कितीतरी दशकं लागली होती. आयुष्याच्या बाबतीत मात्र ही कथा वेगळी आहे. 2011 साली द्रव इलेक्ट्रोलाइट वापरून केलेला घट प्रकाशात दहा-एक मिनिटांतच बहुतांश निकामी झाला होता. तेव्हापासून टिकाऊपणावर हजारो पेपर निघाले आहेत. विद्यार्थ्याला त्यांतले चार-पाच निवडून दहा-बारा वाक्यांत काहीतरी ठाम सांगायचं असतं.

पहिला मसुदा साधारण असा येतो. ऐका. "पेरोव्हस्काइट पदार्थ आर्द्रता, ऑक्सिजन, उष्णता आणि प्रकाश यांमुळे खराब होतात. लेगी व सहकाऱ्यांनी आर्द्रतेचा अभ्यास केला. ॲरिस्टिडू व सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचा परिणाम पाहिला. कॉनिंग्स व सहकाऱ्यांनी उष्णतेचा परिणाम पाहिला. म्हणून टिकाऊपणा ही मोठी समस्या आहे."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण ही वाणसामानाची यादी झाली. वाक्यांचा क्रम उलटा केला तरी काही बिघडत नाही, आणि तीच यातली उणीव आहे. एका वाक्याचा दुसऱ्यावर भार पडत नाही. चार कारणं खांद्याला खांदा लावून उभी आहेत, पण त्यांतलं कोणतं टाळता येण्याजोगं आणि कोणतं नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

म्हणून लिहायला बसण्याआधी परिच्छेदाला एक प्रश्न द्यावा. मी सुचवेन तो असा: घट काचेत पक्का सीलबंद केला, बाहेरची हवा आणि पाणी पूर्ण रोखलं, तरीही आतला पदार्थ मोडेल का? हा प्रश्न व्यवहारातलाच आहे. कोकणातल्या पावसाळ्यातली दमट हवा चांगल्या सीलिंगने अडवता येते. विदर्भातल्या मे महिन्यात छतावरचं पॅनेल साठ अंशांच्या वर तापतं, ती उष्णता मात्र कोणत्याही सीलिंगने अडत नाही. तेव्हा कारणांची विभागणी बाहेरून येणारी आणि पदार्थाच्या आतच असणारी अशी करायची. परिच्छेदाचा कणा तोच.

आता वाचन. प्रत्येक पेपरसाठी वहीत एक ओळ आखावी आणि तिच्यात एवढं लिहावं: पदार्थ नेमका कोणता, नुसता थर होता की पूर्ण घट, भोवतालची हवा कशी, अंधार की प्रकाश, तापमान किती, आणि मोजलं काय. पेपरचा सारांश वाचून ही ओळ भरत नाही. त्यासाठी प्रयोगाचा भाग आणि पुरवणी माहिती उघडावीच लागते.

या ओळींचा उपयोग काय, ते एका उदाहरणात दिसेल. 2012 साली पार्क आणि ग्रेट्झेल यांच्या गटांनी घनरूप घट जाहीर केला आणि तो 500 तास टिकल्याचं नोंदवलं. 2016 साली सलिबा आणि सहकाऱ्यांनी सिझियम मिसळलेल्या घटाचे 250 तासांचे आकडे दिले. घाईत वाचणारा लिहून मोकळा होतो, की 2012 चा घट दुप्पट टिकाऊ होता. प्रत्यक्षात पहिला घट सीलबंद न करता साध्या तापमानाला हवेत नुसता ठेवला होता आणि अधूनमधून मोजला होता. दुसरा सतत प्रकाशात, नायट्रोजनमध्ये, पूर्ण वीज देत काम करत होता. साठवणीतले तास आणि कामाचे तास एका रांगेत मांडता येत नाहीत. हाच घोळ मिटवण्यासाठी 2020 साली या क्षेत्रातल्या अनेक संशोधकांनी मिळून आयसॉस चाचण्यांचे नियम पेरोव्हस्काइटसाठी नव्याने मांडले. अंधारातली साठवण, प्रकाशातलं काम, उघड्यावरची चाचणी, तापमानाचे चढउतार, विद्युतदाब अशी त्यांत वेगवेगळी खाती केली आहेत. आपल्या वहीतल्या ओळीपुढे त्यातलं खातं लिहून ठेवावं.

आता प्रत्यक्ष परिच्छेदाकडे येऊ. पदार्थ एकच घेऊ, मिथिलअमोनियम लेड आयोडाइड. त्यावरचे चार पेपर पुढे ठेवू.

पहिला, 2015 चा लेगी यांचा. दमट हवेत या पदार्थात पाण्याचे रेणू शिरतात आणि त्याचा हायड्रेट होतो. घटाची कार्यक्षमता कोसळते. पण कोरड्या हवेत ठेवलं तर हायड्रेट पुन्हा मूळ पदार्थात परततो. मात्र पाणी द्रवरूपात साचलं तर परतीची वाट बंद होते आणि लेड आयोडाइड उरतं.

दुसरा, त्याच वर्षीचा, लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजमधला ॲरिस्टिडू यांचा. कोरडा ऑक्सिजन आणि प्रकाश एकत्र आले, की पदार्थ झपाट्याने मोडतो. अंधारात नुसता ऑक्सिजन असेल किंवा नायट्रोजनमध्ये नुसता प्रकाश असेल, तर तसं होत नाही. प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळून सुपरऑक्साइड तयार होतं आणि ते मिथिलअमोनियमवर हल्ला करतं.

तिसरा, बेल्जियममधल्या हॅसल्ट विद्यापीठातल्या कॉनिंग्स यांचा, हाही 2015 चा. त्यांनी थर 85 अंश सेल्सिअसला ठेवले. निष्क्रिय वायूतसुद्धा, म्हणजे पाणी आणि ऑक्सिजन नसतानाही, ते मोडू लागले. आपल्या प्रश्नाचं उत्तर या पेपरात आहे.

चौथा, 2016 चा हुआरेझ-पेरेझ यांचा. तापवल्यावर बाहेर पडणाऱ्या वायूंमध्ये त्यांना मिथिल आयोडाइड आणि अमोनिया सापडले. हे दोन वायू एकत्र येऊन मूळ क्षार सहजासहजी पुन्हा बनत नाही, म्हणून ही वाट परतीची नाही. पण इथे सावध राहायला हवं. त्या प्रयोगात तापमान 85 अंशांच्या बरंच वर नेलं होतं. तेव्हा "85 अंशांना मिथिल आयोडाइड निघतं" असं कॉनिंग्स आणि हुआरेझ-पेरेझ यांना जोडून लिहिलं, तर दोघांनीही न म्हटलेली गोष्ट आपण त्यांच्या नावावर घातली, असं होईल. वहीतल्या तापमानाच्या रकान्याकडे पाहिलं, की ही चूक टळते.

आता परिच्छेद वाचतो.

"मिथिलअमोनियम लेड आयोडाइडच्या ऱ्हासाची कारणं दोन गटांत मांडता येतात: बाहेरून येणारी आणि अंगभूत. दमट हवेतला ऱ्हास सुरुवातीला परतवता येतो. हायड्रेट झालेला थर कोरड्या हवेत पूर्ववत होतो, द्रव पाण्याच्या संपर्कात मात्र होत नाही (लेगी, 2015). ऑक्सिजनमुळे होणारा ऱ्हास प्रकाश असतानाच वेगाने होतो (ॲरिस्टिडू, 2015). ही दोन्ही कारणं सीलिंगने दूर ठेवता येतील. उष्णतेबाबत ते शक्य नाही, कारण 85 अंशांना निष्क्रिय वायूतही थर मोडतात (कॉनिंग्स, 2015). त्याहून उच्च तापमानाला मिथिल आयोडाइड आणि अमोनिया बाहेर पडल्याचं आढळलं आहे (हुआरेझ-पेरेझ, 2016). घटाच्या कामाच्या तापमानालाही हीच अभिक्रिया चालत असेल, तर तो ऱ्हास कायमचा ठरेल. म्हणून नुसतं सीलिंग सुधारणं पुरेसं नाही, मिथिलअमोनियमला पर्याय शोधणं आवश्यक आहे."

या परिच्छेदातली वाक्यं हलवता येत नाहीत. "सीलिंगने दूर ठेवता येतील" हे वाक्य आधीच्या दोन निष्कर्षांवर उभं आहे आणि पुढच्या "ते शक्य नाही" याला जागा करून देतं. "आढळलं आहे", "चालत असेल, तर" या शब्दांनी पुरावा किती पक्का आहे तेही सांगितलं. कोणत्याही पेपरातून न घेतलेलं, आपलं स्वतःचं असं यात शेवटचं वाक्य आहे. सेमिनारमध्ये प्रश्न त्याच्यावरच येतील.

आणखी एका ठिकाणी जपावं लागतं, ते म्हणजे रंग. काळपट तपकिरी थर पिवळा पडला, की विद्यार्थी "आर्द्रतेमुळे विघटन झालं" असं लिहून टाकतात. पण पिवळेपणाची कारणं एकाहून जास्त आहेत. मिथिलअमोनियमचा पदार्थ मोडून लेड आयोडाइड झालं, तर थर पिवळा होतो. त्याचा हायड्रेट झाला तरी रंग फिकट होतो. आणि मिथिलअमोनियमच्या जागी फॉर्मॅमिडिनियम घेतलं, तर साध्या तापमानाला काळं रूप पिवळ्या रूपात बदलतं. त्यात रासायनिक घटक तेच राहतात, फक्त अणूंची मांडणी बदलते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये दिसतो. तांब्याच्या नेहमीच्या एक्स-रे नळीवर लेड आयोडाइडचं शिखर 12.7 अंशांजवळ येतं, फॉर्मॅमिडिनियमच्या पिवळ्या रूपाचं 11.8 अंशांजवळ, आणि मिथिलअमोनियमच्या शाबूत पदार्थाचं 14.1 अंशांजवळ. वाचलेल्या पेपरात हा आलेख नसेल आणि फक्त फोटो असेल, तर "थराचा रंग बदलला" एवढंच लिहावं, त्यापुढे जाऊ नये.

याच मुद्द्याने पुढच्या परिच्छेदाची दिशाही ठरते. मिथिलअमोनियम काढून फॉर्मॅमिडिनियम घातलं, की उष्णतेची अडचण कमी होते, पण काळं रूप टिकवण्याची नवी अडचण येते. त्यासाठी सिझियम मिसळतात. आपण लिहिलेला परिच्छेद एकाच पदार्थापुरता खरा आहे, हे पहिल्याच वाक्यात पदार्थाचं नाव घेऊन सांगितलं होतं. "पेरोव्हस्काइट" असा मोघम शब्द तिथे घातला असता, तर फॉर्मॅमिडिनियमवर काम करणाऱ्या कुणीही तो परिच्छेद खोडून काढला असता.

परिच्छेद पुरा झाल्यावर एक तपासणी करावी. कंसातली नावं आणि वर्षं पेन्सिलीने झाका आणि उरलेला मजकूर मित्राला मोठ्याने वाचून दाखवा. मग त्याला विचारा, की सीलबंद घट उन्हात मोडेल का, आणि कशामुळे. त्याला उत्तर देता आलं, तर नावं पुन्हा उघडी करा आणि प्रत्येक नावापुढचं तापमान, हवा आणि प्रकाश वहीतल्या ओळीशी ताडून पाहा. त्याला उत्तर देता आलं नाही, तर आणखी पेपर गोळा करू नका. आहेत त्याच चार पेपरांचे प्रयोगाचे भाग पुन्हा वाचायला घ्या.