पाळी फिरते, तास फिरत नाहीत

(भिलाईतील एका बुद्धविहारात, नोकरी करत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज मी फक्त वेळापत्रकाबद्दल बोलणार आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आजोबा भंडारा, गोंदिया, नागपूरकडून इथे पोलाद कारखान्याच्या कामासाठी आले. आज नातवंडं कॉलेजात आहेत, पण फी आणि घरखर्चासाठी हथखोजच्या एखाद्या युनिटमध्ये ठेकेदाराकडे कामही करतात. मीही तसाच शिकलो. बी.ए.ची तीन वर्षं मी तिन्ही पाळ्यांत हेल्पर होतो.

आधी आठवड्याचा हिशेब बघू. कायद्याने कामाचे तास ४८. हा आकडा आपला आहे. पूर्वी कारखान्यात आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य असताना १९४६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ती ४८ वर आली. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं आणि तिथे वर्ग सकाळी ठेवले, कारण नोकरी करणाऱ्या मुलांना दिवसा येता येत नव्हतं. म्हणजे एकीकडे कामाचे तास कमी केले आणि दुसरीकडे कॉलेजची वेळ कामगाराच्या वेळेशी जुळवली. आपल्या कॉलेजची वेळ कोणी जुळवून देत नाही, म्हणून ते काम आपल्यालाच करावं लागतं.

आता अभ्यासाचे तास. नव्या पद्धतीत एका सत्राला साधारण २० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे तास, वाचन, लिखाण सगळं धरून ३० तासांचं काम. म्हणजे सत्राला ६०० तास. ते १५ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४० होतात. ४८ अधिक ४० म्हणजे ८८. रोज सात तास झोप धरली तर त्यात ४९ वाढतात, बेरीज १३७. आठवड्यात तास १६८. उरले ३१, आणि त्यातच सायकलवरचं जाणं-येणं, जेवण, कपडे, घरची कामं. तेव्हा जमतं, पण चुकायला जागा राहत नाही.

बहुतेकांची पहिली चूक अशी की ते एका आठवड्याचं वेळापत्रक बनवतात. कॉलेजचे तास दर आठवड्याला तेच असतात, पण पाळी दर आठवड्याला बदलते. म्हणून आपलं वेळापत्रक तीन आठवड्यांचं हवं. माझंच उदाहरण घ्या. कॉलेज सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते १. पाळ्या तीन: पहिली सकाळी ६ ते दुपारी २, दुसरी २ ते रात्री १०, आणि रात्रपाळी १० ते सकाळी ६.

पहिल्या पाळीच्या आठवड्यात एकही तास मिळत नाही. मात्र संध्याकाळ मोकळी असते. मी साडेतीन ते साडेसहा वाचनालयात बसायचो आणि मित्राच्या वह्या आणून त्या आठवड्याचं सगळं उतरवायचो. दुसऱ्या पाळीत सगळे तास मिळतात. एक वाजता निघालं की पावणेदोनपर्यंत गेटवर पोचता येतं. अभ्यास सकाळी, सात ते नऊ. रात्रपाळीतही तास मिळतात, पण झोपेचे दोन तुकडे करावे लागतात: घरी येऊन सात ते नऊ, आणि कॉलेजवरून आल्यावर अडीच ते साडेसात. त्या आठवड्यात वेगळा अभ्यास मी ठरवतच नव्हतो. ठरवला की झोप कापली जाते, आणि अपुऱ्या झोपेत मशीनजवळ उभं राहणं म्हणजे बोटं गमावण्याची तयारी.

आता हजेरी मोजा. सत्र १५ आठवड्यांचं, म्हणजे हा फेरा पाच वेळा होतो आणि पहिल्या पाळीचे पाच आठवडे हातचे जातात. उरले दहा. पंधरापैकी दहा म्हणजे ६७ टक्के, आणि लागतात ७५. एकही दिवस आजारी न पडता, एकही तास न बुडवता तुम्ही कमी पडता! हे पोराला सत्राच्या शेवटी, परीक्षेचा फॉर्म अडला की कळतं. मग तो समजतो, आपल्यातच कमी आहे. कमी त्याच्यात नव्हती, पाळीच्या फेऱ्यात होती, आणि ती पहिल्या दिवशीच कागदावर दिसली असती.

उपाय म्हणजे पाळीची अदलाबदल. एक आठवडा बदलला तर अकरा होतात, ७३ टक्के. तेही पुरत नाहीत. दोन बदलले तर बारा, ८० टक्के. म्हणून सत्र सुरू होतानाच कोणते दोन आठवडे बदलायचे ते ठरवा. मी सातवा आणि तेरावा बदलायचो, कारण एकात अंतर्गत चाचणी असायची आणि दुसऱ्यात उजळणी. बदलीसाठी माणूस शोधताना ज्याची मुलं लहान आहेत त्याला विचारा. त्याला दुसरी पाळी नको असते, संध्याकाळी घरी राहायचं असतं. तुमची पहिली पाळी त्याच्या सोयीची, त्याची दुसरी तुमच्या सोयीची. मात्र बदल कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि सुपरवायझरची सही घेऊन एक प्रत स्वतःकडे ठेवा. तोंडी बदलीत गैरहजेरी तुमच्या नावावर लागू शकते. आणि हजेरी विषयवार मोजा. एखाद्या विषयाचे तास एकनंतर असतील तर दुसऱ्या पाळीतही ते बुडतात. तिथे अदलाबदल रात्रपाळीशी करावी लागते.

आता परीक्षा. वर्षभर नियमित काम केलं की वीस दिवसांमागे एक पगारी रजा बसते. २४० दिवस भरले तर बारा, म्हणजे प्रत्येक सत्राला सहा. माझे पेपर सकाळी ८ ते ११ असायचे. तीन आठवड्यांत सहा, दर आठवड्याला दोन. पहिल्या पाळीच्या आठवड्यात दोन्ही पेपरांना रजा हवी. दुसऱ्या पाळीत एकही नको, कारण पेपर देऊन दोनला कामावर जाता येतं. रात्रपाळीत पुन्हा दोन. झाल्या चार. उरलेल्या दोन अवघड पेपरच्या आदल्या दिवसासाठी. पेपरांच्या तारखा लागल्या की त्याच दिवशी हा हिशेब करा आणि अर्ज किमान पंधरा दिवस आधी, लेखी द्या.

यात माझी एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. बारा तारखेला पेपर होता आणि आठवडा रात्रपाळीचा. मी अर्जात बारा तारीख लिहिली. पण रात्रपाळी ज्या तारखेला सुरू होते त्याच तारखेत धरली जाते. मला रजा हवी होती अकराची. अकराच्या रात्री दहाला मी कामावर उभा, सकाळी सहाला सुटलो आणि तसाच परीक्षा केंद्रावर गेलो. रजेची रात्र आली ती पेपर झाल्यावर. तो विषय राहिला, पुढच्या सत्रात पुन्हा द्यावा लागला. पेपर सकाळचा असेल तर अर्जात आदल्या दिवसाची तारीख लिहा.

आणि अदलाबदल मिळतच नसेल तर? मग नियमित कॉलेजात हजेरीसाठी वर्ष घालवू नका. बिलासपूरचं पंडित सुंदरलाल शर्मा मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. तिथे रोजच्या तासांची अट नसते. पण हा निर्णय प्रवेशाच्या वेळी घ्या. फॉर्म अडल्यावर घेतलात तर फी आणि वर्ष दोन्ही जातं.

घरी गेल्यावर एका कोऱ्या कागदावर पंधरा रांगा आखा. प्रत्येक रांगेत त्या आठवड्याची पाळी लिहा आणि समोर मिळणारे तास मांडा. बेरीज बारा आठवड्यांच्या खाली आली, तर कोणाशी आठवडा बदलायचा त्याचं नाव आजच शोधा.

जय भीम.