नागीण आणि पहिले तीन दिवस



या व्याख्यानमालेत डॉक्टरांनी बोलावे अशा विषयावर आम्ही बोलतो आहोत. आम्ही डॉक्टर नाही. शाळा सातवीत सुटली; पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. पण या विषयात आमच्या हातून एक चूक झाली आहे. ती चूक काय होती हे नीट समजून घ्यावे म्हणून आम्ही वाचले, डॉक्टरांना विचारले, आणि आज ते आपल्यापुढे मांडतो.

सन 2022 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमचा एक मोल्डर, वय बावन्न. सोमवारी त्याच्या उजव्या बरगडीखाली जळजळ सुरू झाली, आणि ती पाठीपर्यंत जाई. अंगावर काहीच दिसत नव्हते. साचे उचलताना पाठ धरली असेल असे तो समजला, तेल चोळून कामावर आला. बुधवारी संध्याकाळी त्याच जागी लाल चट्टे उठले. गुरुवारी त्यांवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे घोस आले. लोखंडाचा रस उडून भाजले असावे असे पहिल्यांदा सगळ्यांना वाटले. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी ओळखले, की ही नागीण आहे. त्याच दिवशी त्याला नागीण उतरविणाऱ्याकडे नेले. त्याने लेप लावला, मंत्र म्हटला, एक दिवसाआड तीन वेळा यायला सांगितले.

शुक्रवारी तो आम्हांला भेटला. म्हणाला, "आण्णा, सदरा अंगाला लागला तरी जीव जातोय. दवाखान्यात जाऊ का?" आम्ही म्हणालो, "अरे, उतरवून घेतोयस ना? त्या फेऱ्या पुऱ्या कर आधी." हीच आमची चूक. त्याने आमचे ऐकले. फेऱ्या पुऱ्या करून तो मंगळवारी दवाखान्यात गेला. तोवर चट्टे उठून सहा दिवस झाले होते आणि फोडांवर खपल्या धरू लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारी आला असतात तर बरे झाले असते."

शुक्रवारीच का? याचे उत्तर समजायचे तर नागीण म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

लहानपणी आपल्याला कांजिण्या येतात. त्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या लहान गावचे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या दवाखान्यातले रोगी वर्षानुवर्षे नोंदून ठेवले, आणि 1965 साली हा विचार मांडला. पुढच्या संशोधनाने तो खरा ठरला. वय वाढले, किंवा मधुमेहाने, मोठ्या आजाराने, काही औषधांनी अंगातली प्रतिकारशक्ती उतरली, की हा विषाणू जागा होतो आणि त्या एका मज्जातंतूवरून कातडीपर्यंत येतो. वाटेत तंतू सुजतो, म्हणून कळ आधी येते आणि फोड दोन-चार दिवसांनी दिसतात.

आता कण्यातून तंतू निघतात ते जोडीने: एक डाव्या अंगाला, एक उजव्या अंगाला. उजवा तंतू पाठीपासून बरगडीवरून छातीच्या किंवा पोटाच्या मध्यापर्यंत येतो आणि तिथे थांबतो. म्हणून नागिणीचा पट्टा अर्ध्या अंगालाच असतो. ओळखण्याची खूण हीच. रस उडून भाजले तर फोड जिथे थेंब पडला तिथे येतात, विखुरलेले. गजकर्ण खाजते, पण असे पेटत नाही. एका बाजूची कळ, मग त्याच बाजूला पट्ट्याने आलेले फोडांचे घोस, आणि मध्यरेषेवर थांबलेले: असे दिसले की नागीण समजावी.

आणि इथेच त्या उतरविणाऱ्याचेही गुपित आहे. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस मरतो, असे आपण ऐकत आलो. मंत्राने ती अडविली, तोंड जुळू दिले नाही, असे तो सांगतो. पण बंधूंनो, ती मुळात जुळतच नाही! तंतू मध्यरेषेवर संपतो. शिवाय फोड आठ-दहा दिवसांत सुकतात आणि तीन-चार आठवड्यांत कातडी बरी होते, लेप लावा की लावू नका. त्यामुळे त्याला बहुधा प्रत्येक वेळी यश येते. तो लबाडच असतो असे आम्ही म्हणत नाही. त्याचाही त्यावर विश्वास असेल. पण कातडी आपोआप बरी होताना जे तीन दिवस जातात, ते परत मिळत नाहीत.

या विषाणूवर औषध आहे. त्याचे नाव ॲसायक्लोव्हिर. मोठ्या माणसाला साधारणपणे 800 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस देतात. याच जातीची दुसरी औषधे तीन वेळा घेऊन भागते. हे औषध विषाणू मारीत नाही, त्याची वाढ थांबविते. म्हणून वाढ चालू असतानाच ते पोटात गेले पाहिजे. चट्टे उठल्यापासून 72 तासांच्या आत, असा डॉक्टरांचा नेम आहे. आमच्या मोल्डरचे चट्टे बुधवारी संध्याकाळी उठले. त्याची मुदत शनिवारी संध्याकाळी संपत होती. शुक्रवारी आमच्यासमोर उभा होता तेव्हा एक दिवस शिल्लक होता. मात्र गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा कमी करावी लागते. नुसते मलम लावूनही भागत नाही.

औषधाची मर्यादाही सांगितली पाहिजे. वेळेवर घेतले तर फोड लवकर सुकतात आणि तेव्हाची कळ कमी होते. फोड गेल्यावर महिनोन्‌महिने उरणारी कळ त्याने खात्रीने टळते असे मात्र कोणी सांगू शकत नाही. ही मागची कळ दर दहांत एखाद-दोघांना उरते, वय जास्त तितकी अधिक. आमच्या मोल्डरला ती सात महिने होती. रात्री अंगावर चादर सोसत नसे. त्या कळीला साध्या गोळ्या पुरत नाहीत. तंतूंवरची वेगळी औषधे लागतात, आणि ती मिळतात. तो वेळेवर गेला असता तर ती टळली असती का, हे आम्हांला कधीच कळणार नाही. तीच आमच्या मनाची बोच आहे.

तीन दिवस उलटले म्हणून घरी बसू नये. नवे फोड येत असतील तर डॉक्टर तरीही औषध देतात. कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. नजर जाऊ शकते. कानात फोड येऊन तोंड वाकडे होऊ लागले, किंवा फोड अंगभर पसरले, तरीही थांबू नये. तरुण माणसाला नागीण आली तर डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, त्यात रागावण्यासारखे काही नाही. फोड ओले असेतो ते झाकून ठेवावेत. ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत अशी बाळे आणि गरोदर स्त्रिया यांना त्यातून कांजिण्या होऊ शकतात. पन्नाशीपुढच्यांसाठी लसही आता आहे. ती दोन डोसांची असून महाग आहे. परवडत असेल त्यांनी डॉक्टरांना विचारावे.

कामगार बंधूंना एकच जास्तीचे सांगतो. आमच्या मोल्डरने दवाखाना टाळला त्याचे निम्मे कारण खाड्याची भीती हे होते. कामगार राज्य विम्याचे वर्गणीदार असाल आणि वर्गणीचे दिवस भरले असतील, तर विम्याच्या डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणात सरासरी मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. पण ती दाखल्याच्या तारखेवर मिळते. उतरविणाऱ्याकडे घातलेल्या दिवसांचा दाखला कोणी देत नाही.

गेल्या वर्षी दुसरा एक गडी कचेरीत आला. सदरा वर करून म्हणाला, "आण्णा, हे काय उठलंय बघा." डाव्या बाजूला पट्टा होता, सकाळचाच. आम्ही खुर्चीवरून उठलो आणि त्याला गाडीवर मागे बसवून सरळ दवाखान्यात नेले. त्या दिवशीची सभा अर्धा तास उशिरा सुरू झाली.