आधी नजर, मग हात

रांझीतल्या आपल्या घरांत मूल दोन भाषांत वाढतं. आत मराठी, दाराबाहेर हिंदी. कुणी मुद्दाम शिकवत नाही, कानांवर पडत राहतं आणि मूल बोलू लागतं. माझ्या नातवाच्या कानांवर मात्र पहिले चौदा महिने काहीच पडलं नाही, आणि आमच्या ते लक्षातही आलं नाही.

लक्षात का आलं नाही, ते आधी सांगते. शंका आली तेव्हा आम्ही त्याच्यामागे थाळी वाजवली. त्यानं वळून पाहिलं, आम्ही निश्चिंत झालो. पण त्याला सावली हललेली दिसली होती, फरशीचा हादरा जाणवला होता. थाळी वाजवून श्रवण कळत नाही. त्यासाठी बेरा तपासणी लागते. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा लावून, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहतात. निदान तीन महिन्यांच्या आत व्हावं आणि सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू व्हावेत, असा जगभरचा दंडक आहे. आम्हाला अकरा महिने उशीर झाला.

मग एका डॉक्टरांनी बजावलं, ‘खुणा करू नका, नाहीतर तो बोलणार नाही.’ आम्ही सहा महिने हात बांधून बसलो. त्या सहा महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं. खुणांमुळे वाचा खुंटते, याला पुरावा नाही. श्रवणयंत्र लावा, कॉक्लिअर इम्प्लांट करा, जरूर करा. पण त्यातून शब्द स्पष्ट उमगायला काळ लागतो आणि प्रत्येक मुलाला सारखं यश येत नाही. तोवर मुलानं विचार कोणत्या भाषेत करायचा?

कॅनडातल्या रेचेल मेबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणी काही काळ ऐकून भाषा मिळालेली आणि नंतर बहिरी झालेली माणसं सांकेतिक भाषा उशिरा शिकली, तरी चांगली शिकली. जन्मतः बहिरी असून बालपणी कोणतीच भाषा न मिळालेली माणसं त्याच वयात शिकायला लागली, ती मागे पडली. पहिली भाषा वेळेवर मिळाली, मग ती कानांची असो की डोळ्यांची, तर पुढची भाषा तिच्यावर उभी राहते.

सून आणि मुलगा भारतीय सांकेतिक भाषा शिकू लागले. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशात दहा हजार शब्दांच्या चित्रफिती आहेत, तिथून सुरुवात केली. शब्द जमले, तरी नातू बघेना. आमच्या घरी शिकवायला येणाऱ्या कर्णबधिर तरुणानं एका दुपारी चूक दाखवली.

ऐकणारं मूल चेंडूकडे बघत असताना आपण ‘चेंडू’ म्हणतो, डोळा वस्तूवर आणि शब्द कानात, दोन्ही एकदम. बहिऱ्या मुलाला दोन्ही डोळ्यांनीच घ्यावं लागतं, म्हणून एकामागून एक घ्यावं लागतं. सून मांजर दिसताच घाईनं खूण करी, तेव्हा त्याची नजर मांजरावर असे. ती खूण वाया जाई. आणि त्याची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं की तो चिडे.

त्या तरुणानं सांगितलं, थांबा. त्याला मांजर पोटभर बघू द्या. तो आपणहून तुमच्याकडे वळेल, तेव्हा खूण करा आणि पुन्हा मांजराकडे बघा. वळलाच नाही, तर हलकेच खांद्यावर थापटा, किंवा हात त्याच्या नजरेच्या वाटेत, मांजराजवळ नेऊन तिथेच खूण करा. गोष्टीचं पुस्तक त्याच्या शेजारी बसून नको, समोर बसून वाचा. दिवा तुमच्या पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळोखात जातो. आणि चेहरा तर या भाषेचं व्याकरण आहे. ‘हो की नाही’ असा प्रश्न भुवया उंचावूनच होतो.

दुसरी चूक माझी. मी मराठी वाक्य बोलत एखादी खूण मधे टाकायची. त्याला दिसे फक्त ती सुटी खूण. तुकड्यांतून भाषा होत नाही. आवाज बंद करून पूर्ण वाक्य हातांनी सांगायला शिकले, तेव्हा जाणवलं की आपल्याला हे तितकं परकं नाही. क्रियापद बहुधा शेवटी, नकार शेवटी, प्रश्नाचा शब्दही शेवटी. ‘तुझं नाव काय’ हे आपण बोलतो त्याच क्रमानं.

आमचे हात आजही अडखळतात. म्हणूनच तो तरुण आठवड्यातून दोनदा येतो. आईबाप ही भाषा मुलाबरोबर शिकत असतात, तेव्हा ती सहज बोलणारं माणूस घरात यायलाच हवं.

नातू आता पाच वर्षांचा आहे. काल जेवताना आम्ही सगळे तोंडानं बोलत हसलो. त्यानं टेबलावर थाप मारली, प्रत्येकाकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, ‘हसलात, का?’ माझ्या मुलानं जेवण थांबवून सगळं पुन्हा हातांनी सांगितलं. तुमच्या ओळखीत असं मूल असेल, तर त्याच्या आईबापांना आजच सांगा: बेरा करून घ्या, आणि निकालाची, यंत्राची वाट पाहताना हात बांधून बसू नका.