चड्डी खराब होते, ती खोडी नव्हे

तिसरीतल्या एका मुलाची चड्डी रोज शाळेत खराब होई. घरी मार, वर्गात हसे. जुलाब समजून आईने जुलाब थांबवण्याचे औषध दिले, त्रास वाढलाच. खरे तर त्याला बद्धकोष्ठ होते. एकदा शौचाला फार दुखले म्हणून तो शौच दाबून ठेवू लागला. आत खडा साचला, मलाशय ताणले गेले आणि शौचाला लागल्याची जाणीवच बोथट झाली. मग वरचा पातळ मळ खड्याच्या कडेने झिरपतो. मुलाला ते कळतही नाही, मग मार कशाचा? डॉक्टरांनी आधी साचलेला मळ औषधाने मोकळा केला, नंतर मळ मऊ ठेवणारे औषध कित्येक महिने चालू ठेवले. बरे वाटताच ते बंद केले तर खडा पुन्हा साचतो, कारण ताणलेले मलाशय पूर्ववत व्हायला वेळ लागतो.