गुण कमी झाले तर? पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरण्याआधी

(बारावीच्या निकालानंतर बीडमध्ये विद्यार्थी आणि पालकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं आणि अनेक वर्षं बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासल्या. निकाल लागला की माझ्याकडे मुलं येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "सर, रिचेकिंगला टाकू का?" मी विचारतो, "गुण कमी झाले तर?" मग मुलं गोंधळतात. घरी कुणीतरी सांगितलेलं असतं की वाढले तर वाढले, नाहीतर जुने आहेतच. आज मला या एकाच समजुतीबद्दल बोलायचं आहे. ती खरी मानून दोन-तीन गुणांसाठी वर्ष गमावलेली मुलं मी पाहिली आहेत.

आधी शब्द नीट समजून घेऊ, कारण 'रिचेकिंग' या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. आपल्या राज्य मंडळात पहिली गोष्ट गुणपडताळणी. यात उत्तर पुन्हा वाचत नाहीत. सगळ्या प्रश्नांना गुण दिलेत का, बेरीज बरोबर आहे का, एवढंच पाहतात. दुसरी छायाप्रत, म्हणजे तुमच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत तुमच्या हातात येते. तिसरी पुनर्मूल्यांकन. यात दुसरा परीक्षक तुमची उत्तरं नव्याने वाचतो आणि नव्याने गुण देतो. 2024 मध्ये प्रत्येक विषयाला पडताळणीसाठी 50 रुपये, छायाप्रतीसाठी 400 आणि पुनर्मूल्यांकनासाठी 300 रुपये शुल्क होतं. त्या वर्षी बारावीचा निकाल 21 मे रोजी लागला, आणि पडताळणी व छायाप्रतीचे अर्ज 22 मे ते 5 जून या काळात घेतले गेले. पुनर्मूल्यांकन मात्र थेट मागता येत नाही. आधी छायाप्रत घ्यावीच लागते, आणि ती मिळाल्यापासून कार्यालयीन कामाच्या पाच दिवसांत विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. बीड जिल्ह्यासाठी ते मंडळ छत्रपती संभाजीनगरला आहे.

हा क्रम त्रासदायक वाटतो, पण तो तुमच्या फायद्याचा आहे. छायाप्रत मागितल्याने एकही गुण कमी होत नाही. 400 रुपयांत तुम्हाला पाहायला मिळतं आणि विचार करायला पाच दिवस मिळतात. धोका त्यानंतर सुरू होतो.

ही प्रत मिळणं सोपं नव्हतं. आपल्याच मंडळाच्या जुन्या नियमांत उत्तरपत्रिका पाहायला आणि पुनर्मूल्यांकनाला मनाई होती. परितोष भूपेशकुमार शेठ या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले, पण 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाची बाजू घेतली आणि नियम वैध ठरवले. पुढे 2011 मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्यातली 'माहिती' आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येते. यात एक फरक ध्यानात ठेवा. पाहण्याचा हक्क कायद्याने आला, पण पुन्हा तपासून घेण्याचा हक्क त्या-त्या मंडळाच्या नियमांतूनच येतो. म्हणून शेवटी कोणते गुण धरायचे, हेही तो नियमच ठरवतो.

आता मूळ प्रश्न. पुनर्मूल्यांकनात जुने आणि नवे असे दोन निकाल शेजारी ठेवून तुम्हाला निवड करायला सांगतात का? सीबीएसईने याचं उत्तर स्पष्ट लिहून ठेवलं आहे. एक गुण कमी झाला तरी तो कमी धरला जातो. गुण बदलले, वाढोत की घटोत, जुनी गुणपत्रिका परत करावी लागते आणि नवी मिळते. राज्य मंडळात पुनर्मूल्यांकनाच्या अर्जावर सही करण्याआधी त्यावरच्या अटी आणि हमीपत्र शब्दन् शब्द वाचा. विद्यापीठाच्या परीक्षेला पुन्हा वेगळे नियम असतात. काही ठिकाणी ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तरच बदल धरतात, काही ठिकाणी फरक फार मोठा निघाला तर पेपर तिसऱ्या परीक्षकाकडे जातो. त्यामुळे चुलतभावाच्या पदवीच्या पेपरला काय झालं, यावरून स्वतःच्या बारावीचा निर्णय घेऊ नका. 'कमी होणार नाहीत' असं अर्जावर ठळक लिहिलेलं दिसत नसेल, तर कमी होऊ शकतात असं धरूनच हिशेब करा.

'दोन्हीपैकी चांगले गुण धरतात' हे लोक कुठून ऐकतात, तेही सांगतो. कोरोनाच्या काळात सीबीएसईच्या बारावीच्या मुलांना 2021 मध्ये परीक्षेविना गुण मिळाले आणि नंतर ज्यांना हवं त्यांनी सुधारणा परीक्षा दिली. नंतरचेच गुण अंतिम, असा नियम होता. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि दोन्हीपैकी चांगले गुण घेण्याची मुभा दिली. पण तिथे मुलांनी दुसऱ्यांदा परीक्षा दिली होती, कामगिरी दोन होत्या. पुनर्मूल्यांकनात उत्तरपत्रिका एकच असते. दुसरा परीक्षक पहिल्याची चूक सुधारत असतो, आणि चूक तुमच्या बाजूनेही झालेली असू शकते.

गुण कमी कसे होतात, हे मी तपासणाऱ्याच्या खुर्चीतून सांगतो. 'पाचपैकी कोणतेही तीन सोडवा' असा प्रश्न असतो, मुलगा चार सोडवतो, आणि घाईत चारही उत्तरांचे गुण बेरजेत जातात. किंवा गणिताचं उत्तर बरोबर दिसतं म्हणून पूर्ण गुण दिले जातात, पण मधली पायरी चुकलेली असते किंवा एकक लिहिलेलंच नसतं. पहिल्याने उदारपणे दिलेला अर्धा-एक गुण दुसरा परीक्षक देईलच असं नाही. गुण वाढण्याची कारणंही अशीच असतात. पुरवणीतलं उत्तर तपासायचं राहून जातं, पानावर तपासणीची खूणच नसते, सिद्धतेच्या पायऱ्यांचे गुण दिलेले नसतात, आतले गुण पहिल्या पानावरच्या तक्त्यात चढवलेले नसतात.

दोन मुलांचे हिशेब सांगतो. नावं आणि गावं सांगत नाही.

पहिली मुलगी राज्य मंडळाची. तिला नीट द्यायची होती. वैद्यकीय प्रवेशासाठी तेव्हा खुल्या गटाला भौतिक, रसायन, जीव या तीन विषयांत मिळून 50 टक्के लागत होते, म्हणजे 300 पैकी 150. ओबीसी गटाला 40 टक्के, म्हणजे 120. ती खुल्या गटातली. भौतिकशास्त्र 49, रसायन 48, जीवशास्त्र 51. बेरीज 148. दोन गुण कमी. तिच्या अब्बूंना तिन्ही विषय पुनर्मूल्यांकनाला टाकायचे होते. मी म्हटलं, आधी दोन विषयांच्या छायाप्रती मागवू. 800 रुपये गेले. प्रत आल्यावर आम्ही प्रत्येक विषयाच्या कागदावर दोन रकाने पाडले, 'वाढू शकतात' आणि 'घटू शकतात'. रसायनात पुरवणीवरचं दोन गुणांचं एक उत्तर बरोबर होतं आणि त्यावर तपासणीची खूणच नव्हती. घटण्याच्या रकान्यात काही सापडलं नाही. भौतिकशास्त्रात मात्र एका सिद्धतेचा एक गुण वाढण्यासारखा होता, आणि एका गणिताला मिळालेले दोन गुण मी स्वतः दिले नसते. तिने फक्त रसायनासाठी अर्ज केला. 48 चे 50 झाले, बेरीज 150. भौतिकशास्त्रही टाकलं असतं आणि तिथे एक वाढून दोन घटले असते, तर बेरीज 149 वर थांबली असती. रसायनात मिळवलेलं तिथे गेलं असतं. तोंडी परीक्षेचे आणि प्रात्यक्षिकाचे गुण या हिशेबात धरू नका. पुन्हा वाचायला लेखी उत्तरपत्रिकाच असते.

दुसरा मुलगा सीबीएसईचा, तोही खुल्या गटातला. तीन विषयांत त्याचे 151 होते. पात्रता पूर्ण झालेली. पण जीवशास्त्रात मित्रापेक्षा कमी मिळाले, हे त्याला सहन होईना. तीन प्रश्नांच्या पुनर्मूल्यांकनासाठी त्याने अर्ज केला. एका प्रश्नात एक गुण वाढला, एकात काही बदल झाला नाही, तिसऱ्यात तीन गेले. 151 चे 149. तो माझ्याकडे आला तेव्हा जुनी गुणपत्रिका हातातच होती. म्हणाला, "सर, ही दाखवली तर?" मी म्हटलं, बेटा, ही आता तुझी गुणपत्रिका राहिली नाही. मंडळाच्या नोंदीत नवे गुण आहेत, कागदपत्रांची तपासणी होईल तेव्हा तेच दिसणार. जुनी दाखवून प्रवेश घेतलास तर प्रवेश जाईलच, वर खोटी माहिती दिल्याचा ठपका लागेल. त्याने गुणपत्रिका परत केली. नीटमध्ये त्याला चांगले गुण होते, त्यांचा त्या वर्षी उपयोग झाला नाही.

या दोघांच्या अभ्यासात फार फरक नव्हता. फरक ते कुठे उभे होते त्यात होता. ती रेषेच्या दोन गुण खाली होती, तिला गमवायला थोडंच होतं. तो रेषेच्या एकच गुण वर होता. म्हणून अर्जाआधी तुमची रेषा कोणती ते कागदावर लिहा. नीटची पात्रता, अभियांत्रिकीची पात्रता, शिष्यवृत्तीची अट, नाहीतर नुसतं उत्तीर्ण होणं. रेषेच्या वर असाल आणि गुणांची खरी गरज नसेल, तर छायाप्रत पाहून थांबायलाही हरकत नाही. खाली असाल, तर त्या विषयाच्या, पण तुम्हाला न शिकवलेल्या एखाद्या शिक्षकाला प्रत दाखवा. आपल्या विद्यार्थ्याच्या उत्तरात आपल्याला जास्तच दिसतं, हे मी अनुभवाने सांगतो.

शेवटचं सांगतो. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईपर्यंत तुमचे आजचेच गुण कायम आहेत. प्रवेशाच्या फेऱ्या तुमच्यासाठी थांबत नाहीत, म्हणून आहे त्या गुणपत्रिकेवर फॉर्म भरत राहा. गुण बदलले तर नवी गुणपत्रिका लगेच महाविद्यालयात आणि प्रवेश प्रक्रियेत दाखल करा, आणि जुन्या गुणपत्रिकेच्या झेरॉक्स फाइलमधून काढून टाका. पुढे कधीतरी चुकून त्यातलीच एक जोडली जाते आणि अडचण उभी राहते.

ज्यांच्याकडे छायाप्रत आली आहे, त्यांनी ती आणि एक कोरा कागद घेऊन पुढे या. दोन रकाने आपण इथेच पाडू.