कोवळे ऊन, सावली आणि जीवनसत्त्व ‘ड’
(रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा येथे शेतकऱ्यांसमोर दिलेले भाषण)



उन्हाची टंचाई आपल्या वर्धा जिल्ह्यात कोणालाही सांगता येणार नाही. तरीही शेतात राबणाऱ्या कितीतरी स्त्री-पुरुषांच्या रक्तात जीवनसत्त्व ‘ड’ कमी आढळते. ते का, हे आज समजून घेऊ.

आधी हे जीवनसत्त्व शरीरात काय करते ते पाहू. जमिनीत स्फुरद भरपूर असले तरी ते पिकाला उपलब्ध नसेल तर उपयोग होत नाही, हे आपण जाणता. कॅल्शियमचेही तसेच आहे. दूध, नाचणी, तीळ यांतून कॅल्शियम पोटात जाते, पण आतड्यातून ते रक्तात उचलून घेण्याचे काम जीवनसत्त्व ‘ड’ मुळे होते. ते पुरेसे असेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण ३० ते ४० टक्के शोषले जाते. ते फार कमी असेल तर जेमतेम १० ते १५ टक्केच अंगी लागते. रक्तातील कॅल्शियम मात्र घटून चालत नाही, कारण स्नायू आणि हृदय त्यावर चालतात. म्हणून शरीर ते हाडांतून काढून घेते. मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकतात, यालाच आपण मुडदूस म्हणतो. मोठ्यांची कंबर, मांड्या, नडग्या दुखतात आणि उकिडवे बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. हे दुखणे बहुधा वय आणि कष्ट यांच्या नावावर खपते.

या रोगाचा उन्हाशी असलेला संबंध आपल्याच महाराष्ट्रात स्पष्ट दिसला होता. हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी नाशिक येथे केलेला अभ्यास १९२२ साली प्रसिद्ध झाला. खाऊन-पिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या घरांतील मुले व स्त्रिया यांना मुडदूस आणि हाडे मऊ होण्याचा रोग होत होता. साधे अन्न खाऊन उघड्यावर वावरणाऱ्या गरीब कुटुंबांत तो आढळत नव्हता. म्हणजे चांगले अन्न असूनही ऊन नसल्यामुळे रोग झाला.

मग उन्हातच राबणाऱ्यांना कमतरता का? याचे पहिले कारण सावलीत दडलेले आहे. उन्हातील सर्वच किरणे जीवनसत्त्व तयार करीत नाहीत. ते काम अतिनील किरणांचा एक विशिष्ट भाग करतो. सूर्य खाली असतो तेव्हा किरणांना हवेच्या जाड थरातून तिरपे यावे लागते आणि हा भाग वाटेतच गाळला जातो. ऊब मिळते, उजेड मिळतो, पण जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. म्हणून सकाळचे कोवळे ऊन अंगाला सुखद वाटले तरी ‘ड’ साठी फारसे कामाचे नाही. काचेतूनही हा भाग आत येत नाही.

हे ओळखण्यास उपकरण लागत नाही. आपली सावली आपल्या उंचीएवढी किंवा त्याहून आखूड असेल तेव्हाच्या उन्हात जीवनसत्त्व चांगले तयार होते. सावली दुपटीने लांब असेल तर ते जवळजवळ होतच नाही. रोहण्याचाच हिशेब करू. डिसेंबरच्या अखेरीस सकाळी ९ वाजता येथे माणसाची सावली त्याच्या दुपटीहून लांब असते. ११ च्या सुमारास ती जवळपास त्याच्याएवढी होते आणि दुपारी सव्वाबाराला सर्वांत आखूड असते, तेव्हाही ती उंचीएवढीच असते. मे अखेरीस मात्र सकाळी ९ वाजताच सावली उंचीएवढी होते आणि दुपारी पायाखाली जाते. तेव्हा हिवाळ्यात साधारण ११ ते दीडची आणि उन्हाळ्यात साधारण ९ ते १० ची वेळ उपयोगाची. उन्हाळ्यात त्यानंतर ऊन अंगावर घेऊ नये, उष्माघाताचा धोका मोठा आहे.

दुसरे कारण कपडे. समजा, डिसेंबरात कापूस वेचणारी ४५ वर्षांची एक भगिनी आहे. दहापासून पाचपर्यंत ती वावरात असते. पण साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा. उघडे राहतात ते हाताचे पंजे आणि थोडा चेहरा, म्हणजे अंगाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी कातडी. आपल्या सावळ्या कातडीतील रंगद्रव्य किरणे अडवते, त्यामुळे गोऱ्या माणसापेक्षा आपल्याला काही पट जास्त वेळ लागतो. सात तास उन्हात राहूनही तिच्या पदरी थोडेच पडते. उन्हाळ्यात साठवलेले ‘ड’ पावसाळ्याच्या ढगाळ महिन्यांत बरेचसे खर्ची पडलेले असते. वय वाढते तशी कातडीची ही शक्तीही कमी होते.

तिसरे कारण ताटात आहे. आंध्र प्रदेशात तिरुपती परिसरात झालेल्या अभ्यासात खेड्यातील लोकांच्या रक्तात शहरातल्यांपेक्षा ‘ड’ जास्त होते, तरी पुष्कळांत ते अपुरेच होते. त्यांच्या आहारात कॅल्शियम कमी होते आणि धान्यातील फायटेट जास्त. फायटेट कॅल्शियमला बांधून ठेवते. कॅल्शियम कमी पडले की शरीरातील ‘ड’ लवकर खर्च होते.

आता करावयाचे काय? हिवाळ्यात दुपारच्या सुटीत बाह्या कोपराच्या वर सरकवून, पोटऱ्या उघड्या ठेवून आठवड्यातून तीन-चार दिवस अर्धा तास उन्हात बसावे. मात्र फवारणी करताना, किंवा नुकतीच फवारणी झालेल्या शेतात, अंगावरचे कपडे अजिबात कमी करू नयेत. रोज दूध किंवा दही-ताक, शिवाय तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला यांपैकी काही आहारात असावे. घरच्या गाई-म्हशीच्या दुधात कॅल्शियम भरपूर असते, पण ‘ड’ नाममात्र. पिशवीच्या दुधावर ‘+F’ ही खूण असेल तर त्यात ‘अ’ व ‘ड’ मिसळलेले असते. अंड्याच्या बलकात ते थोडे असते. प्रौढाची रोजची गरज ६०० एकक आहे. ती नुसत्या साध्या आहारातून भागत नाही. आईच्या दुधातही ‘ड’ कमी असते, म्हणून तान्ह्या बाळाला वर्षाचे होईपर्यंत रोज ४०० एककांचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावेत.

कुक्कुटपालक बंधूंना हे नवे नाही. शेडमध्ये बंद वाढणाऱ्या पिलांना खाद्यातून ‘ड-३’ दिले नाही तर ती पायाने अधू होतात. माणूसही त्याच नियमाने चालतो.

शेवटी औषधाबद्दल. हाडे सतत दुखत असतील, बसल्यावरून उठता येत नसेल, मुलाचे पाय वाकत असतील किंवा मनगटे रुंद दिसत असतील, तर डॉक्टरांकडे जावे. रक्ताची तपासणी करता येते. मिलिलिटरमागे १२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी ‘ड’ म्हणजे कमतरता, आणि २० च्या वर हाडांसाठी पुरेसे मानतात. कमतरतेवर डॉक्टर बहुधा ६०,००० एककांची पुडी आठवड्यातून एकदा, अशी सुमारे आठ आठवडे देतात. ही पुडी रोजची समजून घेतली की घात होतो. जास्तीचे ‘ड’ लघवीवाटे निघून जात नाही, ते चरबीत साठते आणि रक्तातील कॅल्शियम वाढवते. उलट्या, बद्धकोष्ठता, फार तहान, वारंवार लघवी ही त्याची लक्षणे असून पुढे मूत्रपिंड बिघडू शकते. म्हणून पुडीवर घेण्याचा वार लिहून ठेवावा, आणि ठरलेल्या पुड्या संपल्या की डॉक्टरांना विचारल्याशिवाय नव्या आणू नयेत.