फुग्यांचा क्रम



अध्यक्षीय भाषणात अनुवादाच्या आत्म्याविषयी बोलायचा प्रघात आहे. मी आज त्याच्या बरंच अलीकडे थांबणार आहे. हल्ली आपल्याकडे पुष्कळदा टाइप केलेला मजकूर येतच नाही, पानाचा फोटो येतो किंवा स्कॅन येतं. अशा चित्रातलं आधी काय वाचायचं आणि नंतर काय, एवढ्याच प्रश्नावर मी बोलणार आहे. उदाहरण घेतो जपानी चित्रकथेचं, म्हणजे मांगाचं, कारण तिथे क्रम चुकायच्या जागा एका पानात तीन-तीन असतात: चौकटींत, फुग्यांत आणि फुग्याच्या आतल्या ओळींत.

पुस्तक उजवीकडून उघडतं आणि चौकटी उजवीकडून डावीकडे, वरून खाली वाचायच्या, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. अडचण येते ती चौकटी सारख्या आकाराच्या नसतात तेव्हा. उजवीकडे एकच उंच चौकट आणि तिच्या डावीकडे एकावर एक दोन लहान चौकटी असतील, तर आधी उंच, मग वरची लहान, मग खालची. उंच चौकट डावीकडे असेल, तर उजवीकडच्या दोन्ही लहान चौकटी आधी वाचायच्या. संशय आला तर चौकटींमधल्या कोऱ्या पट्ट्या बघा. जपानी चित्रकार बहुधा वरच्या आणि खालच्या चौकटींमध्ये रुंद पट्टी सोडतात, शेजारशेजारच्या चौकटींमध्ये अरुंद. नजरेने अरुंद पट्टी सहज ओलांडावी आणि रुंद पट्टीपाशी थांबावं, अशी ती सोय आहे. म्हणून मी आधी पट्ट्या बघतो, चित्रं नंतर. या नियमाला एक ठळक अपवाद आहे. चार चौकटींच्या विनोदी पट्ट्या एका पानावर दोन शेजारी छापतात. तिथे उजवी पट्टी शेवटपर्यंत खाली वाचायची, मगच डावी. आडवं वाचत गेलात तर दोन विनोदांची खिचडी होते आणि दोन्ही हसवत नाहीत.

आता फुग्याच्या आत येऊ. ओळी उभ्या असतात आणि पहिली ओळ सगळ्यांत उजवीकडे असते. कांजी अक्षरांच्या उजव्या अंगाला त्यांचा उच्चार सांगणारी बारीक अक्षरं असतात, त्यांना फुरिगाना म्हणतात. ती मूळ अक्षराच्या साधारण निम्म्या आकाराची असतात. चित्रातून मजकूर उचलणारं सॉफ्टवेअर त्यांना कधीकधी स्वतंत्र ओळ समजतं. मग हाती आलेल्या मजकुरात तोच शब्द एकदा कांजीत आणि एकदा उच्चारात, भलत्याच जागी दोनदा येतो. असं दुहेरी काही दिसलं की थेट चित्राकडे परतायचं, मजकूर दुरुस्त करत बसायचं नाही.

ओळींचा क्रम उलटला तर काय होतं ते एका फुग्यावर दाखवतो. उदाहरण मी मराठीतच रचलं आहे. उजवीकडून चार ओळी अशा आहेत: ‘काल संध्याकाळी’, ‘स्टेशनवर दिसलेला’, ‘माणूस माझा भाऊ’, ‘नव्हता’. आता कुणी डावीकडून वाचलं, तर हाती येतं: ‘नव्हता माणूस माझा भाऊ, स्टेशनवर दिसलेला, काल संध्याकाळी.’ थोडा हात फिरवला की हे वाक्य मराठीत चक्क खपून जातं, वर काव्यमयही वाटतं! आपल्या भाषेत शब्द मागेपुढे करायची मुभा आहे आणि तीच इथे घात करते. शिवाय मांगामध्ये ओळ बहुधा अर्थाच्या तुकड्यापाशी मोडतात, त्यामुळे प्रत्येक तुकडा सुटा वाचला तरी शहाणाच दिसतो. ओळखायची खूण एकच: जपानी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, म्हणजे पुऱ्या वाक्याच्या फुग्यात ते सगळ्यांत डावीकडच्या ओळीत असलं पाहिजे. तुमचे फुगे एकामागून एक क्रियापदाने सुरू होऊ लागले, तर शैलीचं कौतुक थांबवा आणि पान पुन्हा वाचा.

दोन फुग्यांची अदलाबदल याहून वाईट, कारण ती व्याकरणात सापडत नाही. एका चौकटीत उजव्या फुग्यात ‘तुला सांगितलं नव्हतं?’ आणि डाव्यात ‘सांगितलं होतं.’ क्रम बदलला की एकजण कबुली देण्याऐवजी आरोप करू लागतो आणि दुसरा गोंधळलेला दिसतो. दोन्ही वाक्यं शुद्धच असतात. इथे फुग्याचं शेपूट कुणाकडे वळलंय आणि कोणता फुगा वर आहे, हे पाहूनच निर्णय करावा लागतो. म्हणून अनुवादाला हात लावण्याआधी पानाच्या प्रतीवर पेन्सिलीने आकडे घालावेत: चौकट 3, फुगा 2. अनुवादाच्या फाइलमध्येही तेच आकडे जावेत, म्हणजे अक्षरं बसवणाऱ्या माणसाला जपानी येत नसलं तरी चालतं.

आणि इथे मराठीला एक लाभ आहे, तो आपण पुरेसा वापरत नाही. लेखक एक वाक्य तीन फुग्यांत तोडतो आणि नकार शेवटच्या फुग्यासाठी राखून ठेवतो. इंग्रजीत नकार सहसा क्रियापदासोबत आधीच येतो, त्यामुळे तिथल्या अनुवादकाला रहस्य पहिल्या नाहीतर दुसऱ्या फुग्यातच फोडावं लागतं किंवा वाक्य पिळावं लागतं. आपलं क्रियापद शेवटी, आपलं ‘नाही’ त्याच्याही नंतर. ‘दिसलेला माणूस’ ही रचनाही जपानीसारखीच नामाच्या आधी येते. तेव्हा इंग्रजी आवृत्तीवरून मराठी करताना इंग्रजीने बदललेला क्रम आपण मुकाट्याने उचलतो, ते थांबवायला हवं. मूळ पानाचं चित्र समोर ठेवा आणि कोणती माहिती कोणत्या फुग्यात फुटते, तेवढं तरी जाणकाराला विचारून घ्या.

पान परत बांधताना ते आरशातल्यासारखं उलटवावं का? इंग्रजी प्रकाशकांनी 1980 आणि 1990च्या दशकांत तसं पुष्कळ केलं. वाचन सोपं झालं, पण उजव्या हाताचे तलवारबाज डावखुरे झाले. किमोनोची डावी बाजू वर असते, ती उलटून उजवी वर आली, आणि जपानमध्ये तसा पोशाख मृतदेहाला घालतात. त्यामुळे पान उलटवू नये, या मताचा मी आहे. मग मराठी वाचकाला फुगे उजवीकडून आणि फुग्यातली ओळ डावीकडून अशी कसरत करावी लागते. चार-पाच पानांत सवय होते. खरी पंचाईत जागेची आहे: उभ्या लिपीसाठी काढलेला फुगा उंच आणि अरुंद असतो. देवनागरी एकाखाली एक अक्षर रचली तर शिरोरेषा तुटते आणि दुकानाच्या पाटीचा भास होतो. त्यापेक्षा आखूड शब्द निवडावेत, लांब सामासिक शब्द टाळावेत. चित्रकाराला फुगा रुंद करायला सांगणं हा शेवटचा उपाय.

उर्दू-फारसीतून काम करणाऱ्यांसाठी एकच गोष्ट जोडतो. तिथे ओळ उजवीकडून चालते, पण संख्येतले अंक डावीकडून वाचायचे असतात. पानावर दोन सनांमध्ये आडवी रेघ असेल, तर उजवीकडचा सन आधीचा. चित्रात डोळ्यांना 1947-1857 दिसलं, तरी मराठीत 1857-1947 लिहायचं. जन्म-मृत्यूच्या सनांत चूक लगेच कळते, कारण माणूस जन्माआधी मरतो. पृष्ठक्रमांकांच्या किंवा किमतींच्या बाबतीत असा पहारेकरी नसतो, तिथे प्रत्येक जोडी हाताने तपासावी. आणि ‘उभी लिपी म्हणजे उजवीकडून’ असंही गृहीत धरू नका. पारंपरिक मंगोल लिपी उभीच आहे, पण तिच्या ओळी डावीकडून उजवीकडे सरकतात.

शेवटी प्रकाशकांना एक विनंती. छापायला जाण्याआधी अक्षरं बसवलेलं पान अशा एका माणसाला द्या, ज्याने अनुवादाची फाइल पाहिलेली नाही. त्याने फक्त पान वाचावं आणि कोण कुणाशी काय बोललं, ते तोंडी सांगावं. जिथे तो अडखळेल, त्या चौकटीचे आकडे अनुवादकाकडे परत पाठवा, आणि या तपासणीचे पैसे अनुवादाच्या मानधनातून कापू नका.